कॉलेजात विंगर खेळतो, आता रेफ्री व्हायचंय. पण फिटनेस टेस्टच्या सातव्या लॅपला पाय जड होतात

विंगर११_डिचोली
नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉलेजच्या टीममध्ये उजव्या बाजूने खेळतो. पुढे व्यावसायिक खेळाडू होणार नाही हे आता स्पष्ट झालंय, पण मैदान सोडायचं नाही, म्हणून रेफ्रीची परीक्षा द्यायची आहे. दोन गोष्टी हव्यात. एक, सुरुवात नेमकी कुठून होते आणि वरपर्यंत किती पायऱ्या आहेत? दुसरी, फिटनेस टेस्ट. मित्राच्या मदतीने घरच्या मैदानावर फिफाचे आकडे लावून बघितले. ४० मीटरच्या सहा स्प्रिंट सहज होतात, मित्राच्या स्टॉपवॉचवर ५.८, ५.९ सेकंद येतात. पण ७५ मीटर पळायचं आणि २५ मीटर चालायचं, त्यात मी सातव्या लॅपला बसतो. ९० मिनिटं विंगवर धावणाऱ्याला हे का जमू नये, तेच कळत नाही.

म्हापसेकर_फॅन
अरे, ती १२ मिनिटांची टेस्ट असते ना? १२ मिनिटांत २७०० मीटर, कूपर टेस्ट म्हणतात. आमच्या वाड्यावरचे एक रेफ्री होते, ते रोज पहाटे रस्त्यावर तेवढंच पळायचे. तू ७५ आणि २५ च्या भानगडीत पडू नको. रोज सलग तीन किलोमीटर पळ, दम आपोआप वाढेल.

सत्तरीचा_पंच
मी वाळपईचा, बरीच वर्षं स्थानिक सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. माझा अनुभव सांगतो. आधी राज्य संघटनेकडे नाव द्यायचं, पर्वरीला त्यांचं ऑफिस आहे. त्यांची परीक्षा झाली की बीसीसीआयची लेव्हल १, मग लेव्हल २. ४२ कायदे पाठ हवेत, तोंडी परीक्षेत ते फिरवून फिरवून विचारतात. पळण्याची एवढी चिंता करू नकोस. २०२२ मध्ये अहमदाबादला झालेल्या परीक्षेत २०० पैकी ३० गुणच शारीरिक क्षमतेला होते. आणि १४० जणांतून तिघेच पास झाले, ते पळण्यामुळे नव्हे, लेखी आणि तोंडीमुळे. माझ्या गुडघ्याची तक्रार असूनही मी दिवसभर उभा राहतो.

विंगर११_डिचोली
काका, धन्यवाद, पण मी फुटबॉलबद्दल विचारतोय. चूक माझी, शीर्षकात खेळाचं नाव लिहायला हवं होतं.

सत्तरीचा_पंच
हो का, मग माझं वरचं तुझ्या उपयोगाचं नाही. पण कायद्यांचं पुस्तक आधी, हे तुमच्याकडेही लागू असणार.

जुनी_शिट्टी_फोंडा
मी बरीच वर्षं रेफ्री होतो, आता नवीन मुलांचे सामने बघून त्यांना सूचना देतो. सविस्तर लिहितो, कारण या मुलाचा प्रश्न नेमका आहे.

आधी पायऱ्या. आपल्याकडे रेफ्रींची श्रेणी उलट्या क्रमाने मोजतात. कॅट ५ ही पहिली पायरी, मग ४, ३, २, आणि कॅट १ देशातली सगळ्यात वरची. खालच्या पायऱ्यांचे वर्ग आणि परीक्षा राज्य संघटना घेते, वरच्या अखिल भारतीय महासंघ. मोठ्या राज्यांत मुलगा आधी जिल्हा संघटनेत जातो. आपलं राज्य लहान, त्यामुळे पेडण्याचा मुलगा असो की काणकोणचा, त्याचा मार्ग लगेच गोवा फुटबॉल असोसिएशनपाशी येतो. नवीन रेफ्रींच्या वर्गाची सूचना निघते तेव्हा वय, कागदपत्रं आणि त्या पायरीचे फिटनेसचे वेळ हे सगळं त्यात असतं. ते परिपत्रक शब्द न् शब्द वाच, कारण तू जे आकडे लावतोयस ते आंतरराष्ट्रीय पुरुष रेफ्रींचे आहेत. पहिल्या पायरीला वेळ सैल असते.

फिफाचा बिल्ला ही त्याच्याही वरची गोष्ट. रेफ्रीला त्यासाठी किमान २५ वर्षं पूर्ण लागतात, सहायक रेफ्रीला २३. तू आत्ता वीस-एकवीसचा असशील, म्हणजे घाईने काही हातचं निसटत नाही. आणि गोव्यातून तिथवर जाता येतं. तेजस नागवेंकर आपलेच, फिफाच्या यादीपर्यंत गेले.

आता म्हापसेकर भाऊंची कूपर टेस्ट. ते अगदीच चुकीचं सांगत नाहीत. एकेकाळी तीच होती, तिच्यासोबत ५० आणि २०० मीटरच्या दोन-दोन धावाही असायच्या. तुमच्या वाड्यावरचे रेफ्री त्या काळातले असणार. ती बदलली त्याचं कारण सामना आहे. रेफ्री सामन्यात दहा-बारा किलोमीटर हिंडतो खरा, पण एका वेगाने कधीच नाही. प्रतिहल्ला झाला की साठ मीटर झेप, मग चाल, मग मागे मागे पळणं, पुन्हा झेप. सलग बारा मिनिटं छान पळणारा माणूस तिसऱ्या झेपेनंतर हलला नाही तर पेनल्टी तीस मीटरवरून द्यावी लागते. म्हणून आताची टेस्ट दोन भागांची आहे. पहिला भाग झेप पुन्हा पुन्हा मारता येते का हे बघतो, दुसरा भाग झेपेनंतर किती लवकर सावरता हे बघतो.

विंगर, तू दोन्ही भाग एकाच दिवशी केलेस का? आणि मित्राने ७५ मीटरच्या प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवली आहे का? तेवढं सांग, मग पुढे बोलू.

विंगर११_डिचोली
नाही काका. स्प्रिंट एका दिवशी केल्या आणि लॅप दोन-तीन दिवसांनी. अंतर कॉलेजच्या जिमखान्याच्या टेपने मोजलं होतं, ते बरोबर आहे. वेळा लिहिल्या आहेत. पहिल्या लॅपला ७५ मीटर साधारण १२.६ सेकंदांत, तिसऱ्यात १३, पाचव्यात १४.२, सहाव्यात १५ च्या आसपास, आणि सातव्यात १५.८ आली तेव्हा मित्र म्हणाला थांब. चालायला १८ सेकंद धरले होते.

जुनी_शिट्टी_फोंडा
बाळा, उत्तर तुझ्या वहीतच आहे.

७५ मीटरला १५ सेकंद म्हणजे ताशी १८ किलोमीटर. तू पहिल्या लॅपला १२.६ मध्ये गेलास, म्हणजे ताशी एकवीस किलोमीटरहून जास्त. टेस्टने तुझ्याकडे तो वेग मागितलेलाच नाही. तुला वाटलं असेल की लवकर पोचलो तर विसाव्याला अडीच सेकंद जास्त मिळतात. मिळतात, पण त्यांची किंमत फार मोठी आहे. अठराच्या वेगाला तुझं शरीर बहुतेक काम श्वासावर भागवतं. एकवीसच्या वेगाला श्वास पुरा पडत नाही, पायांत आंबटपणा साचतो, आणि तो वीस सेकंदांत उतरत नाही. प्रत्येक धावेला थोडा थोडा उरतो. पाचव्या लॅपपर्यंत तो कळत नाही, सातव्याला एकदम समोर येतो. वेळा १२.६ वरून १५.८ वर घसरल्या आहेत. दम कमी असलेल्या मुलाच्या वेळा वेगळ्या दिसतात. तो पहिल्यापासून १४.८, १५ ला येतो आणि चौथ्याला बाहेर पडतो. तुझा दम ठीक आहे, चाल चुकली आहे.

विंगरची ही सवयच असते. सामन्यात तू वीस मीटर जीव तोडून पळतोस आणि मग बॉल पलीकडे असताना अर्धं मिनिट, कधी एक मिनिट उभा असतोस. तुझा विसावा खेळ ठरवतो. टेस्टमध्ये विसावा शिट्टी ठरवते, आणि तोही चालत चालत घ्यायचा असतो.

हिशेब बघ. १५ अधिक १८, म्हणजे ३३ सेकंदांत १०० मीटर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एका लॅपला अशा चार धावा, दहा लॅपना चाळीस. एकूण बरोबर २२ मिनिटं, त्यात तीन किलोमीटर पळणं आणि एक किलोमीटर चालणं. २५ मीटरला १८ सेकंद ही चालही रमतगमत नाही. रोजच्या चालीने बावीसएक सेकंद लागतात. जो गुडघ्यांवर हात ठेवून दोन सेकंद वाकतो, तो पुढच्या रेषेला उशिरा पोचतो, मग धाव उशिरा सुरू होते आणि ७५ मीटरला १३ सेकंदच उरतात. परीक्षक बघतात ते एवढंच: शिट्टी वाजायच्या आत एक पाय चालण्याच्या पट्ट्यात पडला का. एकदा चुकलं तर ताकीद, दुसऱ्यांदा चुकलं तर बाहेर. लवकर पोचल्याचे गुण नाहीत.

आणि हे दोन भाग एकाच सकाळी असतात. सहावी स्प्रिंट संपली की सहा ते आठ मिनिटांत लॅप सुरू. ताज्या पायांनी सातव्या लॅपला बसतोस, तर स्प्रिंटनंतर पाचव्यालाच बसशील. सराव करताना हा क्रम मोडू नकोस.

गौरी_एआर
काकांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. मी फोंड्याची, शारीरिक शिक्षणाचा कोर्स करतेय आणि सहायक रेफ्री म्हणून झेंडा धरते. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं, फक्त माझ्या वेळा वेगळ्या. आंतरराष्ट्रीय महिला रेफ्रींना ७५ मीटरला १७ आणि चालायला २० सेकंद असतात.

विंगर, स्प्रिंटबद्दल एक सांगते. मित्राच्या हातातलं स्टॉपवॉच नेहमी वेळ कमी दाखवतं. सुरुवातीला त्याचा अंगठा तू हललास हे बघून दाबला जातो, आणि शेवटी तू येतोयस हे दिसत असतं म्हणून वेळेआधी. इलेक्ट्रॉनिक गेटच्या मानाने साधारण दोन दशांश सेकंदांचा फरक धर. म्हणजे तुझे ५.९ हे गेटवर ६.१ होऊ शकतात, आणि आंतरराष्ट्रीय पुरुष रेफ्रीची मर्यादा ६.० आहे. तुझ्या पायरीला हा प्रश्न येणार नाही, पण ‘सहज होतात’ असं धरून चालू नकोस. सुरुवात पहिल्या गेटच्या दीड मीटर मागून असते, तेही मोजून बघ. दोन धावांच्या मध्ये जास्तीत जास्त एक मिनिट. सहापैकी एक चुकली तर सातवी देतात, दोन चुकल्या तर टेस्ट तिथेच संपली.

म्हापसेकर_फॅन
कूपरची टेस्ट बदलली हे ठाऊक नव्हतं. पण मग सलग पळणं अगदीच फुकट का? दम तर त्यानेच बसतो की.

जुनी_शिट्टी_फोंडा
फुकट नाही. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास निवांत पळावं, त्याने स्प्रिंटनंतर सावरणं सुधारतं. पण फक्त तेवढंच केलं तर शिट्टीची लय अंगात येत नाही.

विंगर, सराव असा कर. ७५ मीटरच्या १५ सेकंदांना हात लावू नकोस, तो वेग पहिल्या दिवसापासून तोच. बदलायची ती चाल. आधी २५ मीटरला २२ सेकंद दे आणि सहा लॅप कर. त्यात शेवटची धाव पहिल्यासारखीच आली, तर लॅप एकेक वाढवत दहापर्यंत जा. दहा झाले की चाल २० वर आण, मग १८ वर. आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. कॉलेजचा सामना असेल त्या आठवड्यात एकदाच. साधारण दोन महिने धर. मोबाइलवर १५ सेकंद आणि २२ सेकंद अशी आळीपाळीने शिट्टी वाजेल असं रेकॉर्डिंग करून घे, मित्राला ओरडायला लावू नकोस. मध्येच एक शिट्टी लाव, साडेसात सेकंदांना, आणि ३७.५ मीटरवर एक कोन ठेव. ती शिट्टी वाजताना कोनाच्या दोन मीटर पुढे असशील तर तू जोरात जातोयस. आठवडाभरात पायांना वेग कळतो.

ट्रॅक नसेल तर फुटबॉलच्या मैदानावर सरळ १०० मीटर मोज. टचलाइनवर विसंबू नकोस, नियमाप्रमाणे ती ९० पासून १२० मीटरपर्यंत कितीही असू शकते. कोन ०, २५, ७५ आणि १०० वर. जाताना ७५ पर्यंत पळ आणि १०० पर्यंत चाल, वळून २५ पर्यंत पळ आणि ० पर्यंत चाल. वळून उभ्याने सुरुवात होते, म्हणून हे ट्रॅकपेक्षा किंचित जड पडतं. सरावाला ते चांगलंच.

गौरी_एआर
काका, इथे मी थोडी वेगळी. गवतावर सगळा सराव करून मी बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर गेले तेव्हा पोटऱ्या अशा आखडल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. शेवटचा महिनाभर तरी ट्रॅक हवाच असं माझं मत.

जुनी_शिट्टी_फोंडा
महिनाभर ट्रॅक म्हणजे डिचोलीच्या मुलाने आठवड्यातून दोनदा बांबोळी गाठायची. कॉलेज सांभाळून ते होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत तीन-चार वेळा गेला तरी पुरे. आणि कठीण ट्रॅकवर नडगी दुखायला लागलेली मुलंही मी पाहिली आहेत. तुझ्या पोटऱ्यांचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण सगळ्यांना तेवढं लागतं असं मला वाटत नाही.

गौरी_एआर
असू दे, आपली मतं वेगळी. विंगर, तू सहायक रेफ्रीचाही विचार कर. नवीन मुलाच्या हातात पहिल्यांदा झेंडाच येतो, शिट्टी नंतर. विंगरला एक फायदा आहे, बचावाची शेवटची ओळ कुठे आहे हे तुला सवयीने कळतं. पण सहायकाला शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं असतं, तोंड मैदानाकडे ठेवून. म्हणजे आडवं सरकायला लागतं. आमच्या टेस्टमध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे. १० मीटर पुढे धाव, ८ मीटर डावीकडे आडवं, ८ मीटर उजवीकडे आडवं, आणि १० मीटर परत. आंतरराष्ट्रीय पुरुष सहायकांना हे सगळं १० सेकंदांत लागतं. नंतर ३० मीटरच्या पाच स्प्रिंट, आणि तुझे ते चाळीस आहेतच.

पहिल्या सामन्यात जे चुकतं ते सांगते, कारण ते खेळाडूंचंच चुकतं. नजर बॉलबरोबर जाते. पास निघाला की तुझे डोळे पास कुठे पडतो ते शोधतात, कारण इतकी वर्षं तुला तेच शिकवलंय. सहायकाला पास निघाला त्या क्षणी कोण कुठे होता हे हवं असतं. बॉल पडेपर्यंत फॉरवर्ड चार मीटर पुढे गेलेला असतो आणि तू त्याला ऑफसाइड देतोस. कापणीनंतर शेतात ज्या गावच्या स्पर्धा होतात, तिथे आधी हे डोळ्यांना शिकव. कुणाच्या तरी परवानगीने टचलाइनबाहेर नुसता उभा राहा, झेंडा नको. पायाचा आवाज ऐकायचा आणि नजर ओळीवर ठेवायची.

विंगर११_डिचोली
ताई, काका, खूप धन्यवाद. पाससोबत नजर जाते हे अगदी खरं आहे, आज सरावाला बघितलं. लेखीचं मात्र मला तितकं अवघड वाटत नाही. लहानपणापासून खेळतोय, नियम सतराच आहेत.

जुनी_शिट्टी_फोंडा
मग तीन प्रश्नांची उत्तरं दे, पुस्तक न उघडता. थ्रो-इन घेणाऱ्याने बॉल आपल्या गोलकीपरकडे टाकला, कुणाला न लागता तो सरळ आपल्याच गोलमध्ये गेला. काय देशील? थ्रो-इनवरून तुझा फॉरवर्ड सगळ्या बचावपटूंच्या पुढे उभा राहून बॉल घेतो आणि गोल करतो. काय देशील? गोलकीपरने बॉल हातात धरून वेळ काढला, किती सेकंदांनी आणि काय देशील?

विंगर११_डिचोली
पहिल्याला गोल. दुसऱ्याला गोल, कारण थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. तिसऱ्याला सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक.

जुनी_शिट्टी_फोंडा
दुसरं बरोबर. पहिल्याला कॉर्नर. थ्रो-इनवरून सरळ गोल होतच नाही, समोरच्या गोलमध्ये गेला तर गोलकिक, स्वतःच्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर. तिसरं तू खेळाडू म्हणून शिकलास तसंच लिहिलंस, पण १ जुलै २०२५ पासून ते आठ सेकंद आहेत आणि शिक्षा कॉर्नरची आहे. रेफ्रीने शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे असतात.

खेळाडू लेखीत इथेच मागे पडतो. मैदानात जे वर्षातून दहादा घडतं ते त्याला येतं, जे दहा वर्षांत एकदा घडतं ते येत नाही, आणि परीक्षेत तेच विचारतात. शिवाय नियम दर वर्षी १ जुलैला बदलतात. आयएफएबीच्या ॲपमध्ये चालू पुस्तक फुकट मिळतं. त्यात आधी वर्षातले बदल वाच, मग कायदा ११, १२ आणि १४, मग बाकीचे. जुनी झेरॉक्स फिरत असतील त्यांवर विसंबू नकोस.

सत्तरीचा_पंच
म्हटलं होतं ना, पुस्तक आधी.

विंगर११_डिचोली
जवळजवळ महिन्याने येतोय, परीक्षा मध्ये आली. चाल २२ सेकंद ठेवून दहा लॅप झाले, स्प्रिंट आधी करून. शेवटच्या लॅपची वेळ १४.७ होती. साडेसात सेकंदांची शिट्टी खरोखर कामाला आली, पहिले दोन दिवस मी कोनाच्या कितीतरी पुढे असायचो. आता चाल २० केली तर नवव्यात अडकतो. वेळा घसरत नाहीत, पण वळून रेषेला पोचायला उशीर होतो. आणि डाव्या पोटरीत शेवटच्या दोन लॅपना गोळा येतो.

अजून एक. पुढच्या मोसमात आमच्या गावच्या क्लबकडून लीगमध्ये नाव नोंदवायचं म्हणतात. खेळाडू म्हणून नोंदणी असताना रेफ्रीच्या वर्गाला बसता येईल का?

गौरी_एआर
माझ्या वर्गात कॉलेजच्या टीममध्ये खेळणारी मुलं होती. लीगची नोंदणी कुणाची होती का ते आठवत नाही.

म्हापसेकर_फॅन
का नाही चालणार? आपल्या क्लबचा सामना सोडून बाकीचे सामने द्यायचे.

जुनी_शिट्टी_फोंडा
भाऊ, ते एवढं सरळ नाही. ज्या विभागात त्याचा क्लब खेळतो, त्यातल्या कोणत्याही सामन्याने त्याच्या क्लबचं गुणतक्त्यातलं स्थान बदलतं. समोरच्या क्लबने आक्षेप घेतला तर मुलाची बाजू लंगडी पडते. माझ्या काळात आम्हाला दोन्हींतून एक निवडायला सांगितलं होतं. आता काय करतात ते विंगरने क्लबच्या फॉर्मवर सही करण्याआधी असोसिएशनला लेखी विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. कॉलेजच्या सामन्यांचा प्रश्न वेगळा, तिथे सहसा अडचण येत नाही.

पोटरीचं बघू. उशीर वळताना होतोय आणि गोळा एकाच पायात येतोय, म्हणजे तू दर वेळी डाव्याच पायावर थांबून वळतोयस असं वाटतं. ७५ च्या कोनाला एकदम ब्रेक लावू नकोस. दोन-तीन पावलं सैल पळत चालीत ये, आणि १०० च्या कोनाला एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळ. सकाळी सहाला सुरू करतोस ना? आपल्याकडच्या दमट हवेत आठनंतर हीच टेस्ट दोन लॅप आधी संपते. पाण्यात मीठ-साखर घालून आदल्या संध्याकाळपासून पी. तरी गोळा राहिला तर पाच-सहा दिवस लॅप बंद, नुसती चाल आणि सायकल.

विंगर११_डिचोली
हो, डावाच पाय रोवतो, आत्ता अंगणात वळून बघितलं. सोमवारी दोन्ही बाजूंनी वळून २० सेकंदांवर करतो आणि वेळा इथे टाकतो. असोसिएशनला अर्जही लिहायला घेतलाय.

गौरी_एआर
वेळा टाकशील तेव्हा चालण्याच्याही टाक. मित्राला सांग, तू रेषेला पोचल्यावर शिट्टीपर्यंत किती सेकंद उरतात ते लिहून घे. नवव्यात एक सेकंदही उरत नसेल तर १८ वर इतक्यात जाऊ नकोस.